वजन लिहिलं का?

डी. फार्म.ला आम्हाला पोसॉलॉजीचा एक धडा होता. लहान मुलांचा डोस कसा काढायचा याची सूत्रं त्यात होती आणि प्रत्येक सूत्राला कुणा ना कुणा साहेबाचं नाव होतं. यंगच्या सूत्रात वयाला वय अधिक बाराने भागायचं आणि येईल त्या अपूर्णांकाने मोठ्या माणसाच्या डोसाला गुणायचं. डिलिंगच्या सूत्रात वयाला नुसतं वीसने भागायचं. फ्राइडचं सूत्र तान्ह्यांसाठी, महिन्यांतल्या वयाला दीडशेने भागायचं. क्लार्कच्या सूत्रात पौंडांतल्या वजनाला दीडशेने भागायचं, म्हणजे किलोत सत्तरने. परीक्षेत हमखास गुण देणारा प्रश्न असल्यामुळे सगळ्यांची ही सूत्रं तोंडपाठ असत. या चार साहेबांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

ते मी नोकरी लागल्यावर पाहिलं. माझी पहिली नेमणूक डोंगराळ तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होती. ओपीडीची गर्दी ओसरल्यावर दुपारी वेळ असे. एकदा आठ महिन्यांचं, सात किलोचं बाळ तापासाठी येऊन गेलं होतं. त्याचाच हिशेब मी सगळ्या सूत्रांनी करून पाहिला. मोठ्यांची पॅरासिटामॉलची गोळी ५०० मिलिग्रॅमची धरली. फ्राइडने उत्तर आलं २७ मिलिग्रॅम, क्लार्कने ५०. बालरोगाच्या पुस्तकात किलोला १० ते १५ मिलिग्रॅम लिहिलेलं. १५ ने धरलं तर १०५. एकच बाळ, एकच ताप, एकच औषध, आणि उत्तरांत चौपट फरक.

चार वर्षांच्या मुलालाही करून पाहिलं. यंगने १२५, डिलिंगने १००, आणि मूल १४ किलोचं असेल तर किलोच्या हिशेबाने २१०. म्हणजे जुनी सूत्रं मुलाला कमी औषध देतात, आणि मूल जितकं लहान तितकी जास्त कमी. धोका टाळायचा म्हणून जुन्या लोकांनी हात राखून सूत्रं केली असतील, असं मला तेव्हा वाटलं. पण कमी डोस सुरक्षितच असतो, असं नाही. तापाला तो चालून जातो, न्यूमोनियाला चालत नाही.

क्लार्कचं सूत्र वजनावर असूनही कमी का पडतं, याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा समजलं. शहरातल्या शिकवणाऱ्या रुग्णालयात बदली झाल्यावर बालरोग विभागातल्या मॅडमनी मला शरीराचं पृष्ठफळ काढायला शिकवलं. वॉर्डात त्याला सगळे बीएसए म्हणतात. बाळ मोठ्या माणसाच्या दहावा हिस्सा वजनाचं असलं, तरी त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ दहावा हिस्सा नसतं, पाचवा हिस्सा असतं. सात किलोच्या बाळाचं पृष्ठफळ साधारण ०.३६ चौरस मीटर भरतं आणि मोठ्या माणसाचं १.७३ धरतात. शरीरातली उष्णता निर्माण होणं, हृदयातून फिरणारं रक्त, मूत्रपिंडातून होणारी गाळणी या गोष्टी वजनापेक्षा पृष्ठफळाच्या जास्त जवळून वाढतात. म्हणून नवजात अवस्था सरलेलं मूल किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त औषध पचवतं आणि बाहेर टाकतं. ०.३६ ला १.७३ ने भागून ५०० ने गुणलं की येतात १०४ मिलिग्रॅम. पुस्तकातल्या किलोच्या हिशेबाने आले होते १०५. औषधांच्या पुस्तकात किलोमागे जो आकडा असतो, तो मुलांसाठी वेगळा आणि मोठ्यांपेक्षा चढा का असतो, ते त्या दिवशी ध्यानात आलं.

यात नवजात बाळ येत नाही, हे मॅडम दर वेळी बजावत. त्याचं पृष्ठफळ वजनाच्या मानाने सगळ्यांत जास्त, पण यकृत आणि मूत्रपिंड अजून तयार झालेलं नसतं. क्लोरॅम्फेनिकॉलने नवजात बाळं राखाडी पडून दगावल्याचं १९५९ च्या सुमारास उघडकीला आलं. त्यांच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नव्हतं, आणि ते रक्तात साचत गेलं. त्यामुळे पहिल्या महिन्यातल्या बाळाला कुठलंही सूत्र लावायचं नाही. प्रत्येक औषधाचा नवजातांसाठी वेगळा डोस आणि वेगळं अंतर असतं, तेच पाहायचं.

हिशेब म्हणजे शेवटी गुणाकार-भागाकार. इतकी वर्षं चिठ्ठ्या तपासताना गुणाकार चुकल्याचं मला क्वचित दिसलं. गुणाकारात घातलेला आकडाच चुकलेला असतो, आणि त्यात पहिला मान वजनाचा.

ग्रामीण रुग्णालयात "वजन किती?" विचारलं की आई म्हणायची, "असंल चौदा-पंधरा." अंगणवाडीच्या कार्डावर असायचं ते तीन-चार महिन्यांपूर्वीचं. काटा बिघडलेला असला की डॉक्टर वयावरून अंदाज बांधत. त्यासाठी सोपा ठोकताळा आहे: एक ते सहा वर्षांच्या मुलाच्या वयाची दुप्पट करायची आणि आठ मिळवायचे. चार वर्षांचं मूल सोळा किलो. शहरातल्या खात्यापित्या घरात हा ठोकताळा बरा बसतो. आमच्या तालुक्यात चार वर्षांचं मूल साडेअकरा किलोचं भरणं काही नवल नव्हतं.

आता पॅरासिटामॉल सोळा किलोला १५ ने काढलं तर २४० मिलिग्रॅम होतं. साडेअकरा किलोच्या मुलाला ते किलोमागे जवळजवळ २१ पडतं. दिवसातून चारदा दिलं तर ८३. दिवसाला किलोमागे ६० पर्यंत थांबावं, अशी आमची शिकवण. शिवाय हे मूल कुपोषित, दोन दिवस पोटात अन्न नाही. पॅरासिटामॉलचा विषारी अंश निकामी करायला यकृताला लागणारा ग्लुटाथायोनचा साठा अशा मुलात आधीच कमी झालेला असतो. म्हणजे ठोकताळा चुकतो तो नेमका ज्याला चूक सोसणार नाही त्याच्याच बाबतीत.

काटा नीट नसेल तर मी एक साधी गोष्ट करायला सांगायचो. मोठ्यांच्या काट्यावर आईला मुलासकट उभं करायचं, मग एकटीला, आणि वजाबाकी करायची. अर्ध्या किलोची चूक येते, पण चार किलोची येत नाही. हाताला प्लास्टर असेल, अंगात स्वेटरवर स्वेटर असतील तर तेही चिठ्ठीवर लिहायचं. अगदीच मेलं-जगलंचा प्रसंग असेल तेव्हा अंदाजावर काम करावं लागतं, त्याला इलाज नाही; मात्र मूल स्थिरावलं की पहिलं काम काट्यावर घालणं.

वजन बरोबर असलं तरी बाटली दगा देते. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाच्या आपल्याकडे निदान तीन ताकदी मिळतात: पाच मिलीत १२०, पाच मिलीत २५०, आणि ड्रॉप्समध्ये एका मिलीत १००. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम द्यायचे आहेत. पहिल्या बाटलीतून ते ५ मिली होतात, दुसरीतून २.४ मिली, ड्रॉप्समधून १.२ मिली. घरी ड्रॉप्स असतील आणि आजीने शेजारणीचं ऐकून एक चमचा म्हणजे पाच मिली पाजलं, तर पोटात गेले ५०० मिलिग्रॅम. उलट, ड्रॉप्सचा १.२ हा आकडा लक्षात ठेवून कुणी साध्या सिरपचे तेवढेच दिले, तर गेले जेमतेम २९. मग "ताप उतरतच नाही" म्हणून रात्री दहाला मूल घेऊन येतात. अशा वेळी मी आधी विचारतो, "बाटली आणलीय का?" आणि बाटली बघितल्याशिवाय पुढे बोलत नाही.

वॉर्डातल्या सिस्टरनी यासाठी तोंडी हिशेब बसवलेला असतो. १२० च्या सिरपला किलोतल्या वजनाचे निम्मे मिली, २५० च्या सिरपला पाव. दहा किलोला पहिलं पाच मिली, दुसरं अडीच. पडताळून पाहिलं तर दोन्हीकडे किलोमागे १२ ते १२.५ मिलिग्रॅम येतात, म्हणजे मधोमध. मला हा ठोकताळा आवडतो. पण तो त्या एका औषधाचा आणि त्या एका बाटलीचा आहे. १२० च्या बाटलीचं 'निम्मे' २५० च्या बाटलीला लावलं की डोस दुप्पट. म्हणून नवीन मुलामुलींना मी सांगतो, ठोकताळा म्हणताना बाटलीचा आकडा सोबत म्हणायचा. नुसतं 'निम्मे' म्हणायचं नाही.

पृष्ठफळाचा खरा कस लागतो तो वेगळ्या औषधांना. बहुतेक लोकांना वाटतं की ही भानगड फक्त कॅन्सरच्या औषधांसाठी असते. मला ती नीट समजली नेफ्रोटिक सिंड्रोमच्या मुलांमुळे. या आजारात लघवीतून प्रथिनं वाहून जातात आणि मूल सुजतं. सकाळी डोळे, मग पाय, मग पोट. उपचार प्रेडनिसोलोनचा. पहिल्या झटक्यात सहा आठवडे रोज, मग सहा आठवडे दिवसाआड. रोजचा डोस पुस्तकात दोन प्रकारांनी छापलेला असतो: चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, किंवा किलोला २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६०. दोन्ही एकाच ओळीत, कंसात. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्हींचं उत्तर सारखंच.

एक मुलगा आला होता, तीनेक वर्षांचा. उंची ८८ सेंटिमीटर, काट्यावर १५ किलो. पण त्यातले किती त्याचे आणि किती सुजेचे? बापाच्या खिशात लसीकरणाचं कार्ड होतं, त्यावर दीड महिन्यापूर्वीचं वजन होतं १२ किलो. त्या उंचीच्या मुलाचं वजन तेवढंच असायला हवं, हे तक्त्यातही जमत होतं. निवासी डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने काट्यावरचे पंधरा घेतले, दोनने गुणले आणि ३० मिलिग्रॅम लिहिले.

आता पृष्ठफळाने बघू. मोस्टेलरचं सूत्र १९८७ पासून सगळीकडे वापरात आहे, कारण ते साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. सुजेशिवायचे १२ किलो घेतले: ८८ गुणिले १२ म्हणजे १०५६, ३६०० ने भागून ०.२९३, वर्गमूळ ०.५४. त्याला ६० ने गुणलं की साडेबत्तीस मिलिग्रॅम. गोळ्यांच्या सोयीने तीस लिहिले तरी चालतील. म्हणजे डॉक्टरचं उत्तर बरोबर!

बरोबर होतं ते दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या म्हणून. सुजेचे तीन किलो जास्त धरले गेले आणि किलोचं सूत्र या वयाला कमी पडतं. बेरीज-वजाबाकी होऊन आकडा जागेवर आला. खरी अडचण दहा दिवसांनी झाली. सूज उतरली, मूल बारा किलोचं झालं. फॉलो-अपला दुसऱ्या कुणी काट्यावर घातलं, बाराला दोनने गुणलं आणि "डोस जास्त चाललाय" म्हणून २४ वर आणला. सहा आठवड्यांचा पूर्ण डोस ज्या काळात चालायला हवा, त्याच्या मधेच तो पाचव्या हिस्स्याने उतरला. चिठ्ठी माझ्याकडे आली तेव्हा मी मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "उंची लिहिलीय का?" लिहिलेली नव्हती. मुलाला परत बोलावून उंची घेतली आणि डोस पुन्हा तीसवर नेला.

यानंतर मी बसून वेगवेगळ्या वजनांना दोन्ही हिशेब लावले. उंची हाताशी नसेल तेव्हा वजनावरूनच पृष्ठफळ काढायचं एक सूत्र आहे: वजनाची चौपट अधिक ७, भागिले वजन अधिक ९०. बारा किलोला ५५ भागिले १०२, म्हणजे ०.५४, मोस्टेलरशी जुळतं. तीस किलोला १२७ भागिले १२०, म्हणजे १.०६. साठाला दोनने भागलं की तीस येतात, आणि तीस किलोचं मूल साधारण एक चौरस मीटरचं असतं. म्हणून पुस्तकातले दोन आकडे नेमके तीस किलोच्या आसपासच एकमेकांना जुळतात. त्याखाली किलोचा हिशेब कमी पडतो, आणि मूल जितकं लहान तितका अधिक. नेफ्रोटिकची मुलं बहुधा दोन ते सहा वर्षांची असतात, म्हणजे जिथे फरक मोठा तिथेच. शक्य तिथे पृष्ठफळाने काढा, हा माझा आग्रह तिथून आला.

पण या तीसचा उलटा उपयोगही मी पाहिला. रक्ताच्या कॅन्सरसाठी व्हिंक्रिस्टिन चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम देतात, कमाल दोन. सात किलोच्या बाळाला पृष्ठफळाने ०.५४ मिलिग्रॅम येतात. पण तान्ह्यांच्या नसांना हे औषध फार बाधतं. म्हणून कित्येक प्रोटोकॉलमध्ये दहा किलोखालच्या मुलांसाठी दीडला तीसने भागून किलोला ०.०५ मिलिग्रॅम दिलेलं असतं. सात किलोला ते ०.३५ होतात. प्रेडनिसोलोनच्या बाबतीत जो फरक दोष होता, तो इथे मुद्दाम वापरलेला. त्याच मुलाच्या पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट द्यायचं असेल तर ना वजन लागतं ना पृष्ठफळ. तिथे वयाप्रमाणे ठरीव डोस असतो, कारण मेंदूभोवतीचं पाणी तिसऱ्या वर्षापर्यंतच मोठ्यांइतकं भरतं. डिप्लोमात पाठ केलेलं वय असं मागच्या दाराने परत आलं, तेव्हा मला जरा गंमत वाटली.

म्हणजे कुठलं सूत्र चांगलं, हा प्रश्न औषध हातात घेतल्याशिवाय सुटत नाही. ज्या औषधाचे डोस किलोवर तपासले गेले, ते किलोवर काढायचं. पृष्ठफळावर तपासले गेले, ते पृष्ठफळावर. आपल्या मर्जीने एकाचं दुसऱ्यात रूपांतर करू नये.

मोस्टेलरमध्ये एक खड्डा आहे. उंची सेंटिमीटरऐवजी मीटरमध्ये घातली तर उत्तर बरोबर दहापटीने लहान येतं. ८८ ऐवजी ०.८८ घातलं की ०.५४ चं ०.०५४ होतं, आणि कॅल्क्युलेटर काही ओरडत नाही. यासाठी दोन-तीन खुणा डोक्यात असाव्यात: दहा किलोला साधारण अर्धा चौरस मीटर, तीस किलोला एक, मोठ्याला पावणेदोन. उत्तर या खुणांच्या आसपास नसेल तर आकडा पुढे जाऊ द्यायचा नाही.

दशांश चिन्हाची चूकही अशीच दहापटीची असते. दहा किलोच्या मुलाला झटक्यांसाठी फेनिटॉइन किलोला २० प्रमाणे २०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे शंभरच्या दोन अँप्युल. कुणी २००० वाचलं तर वीस अँप्युल फोडाव्या लागतील. आमच्या एका जुन्या सिस्टर म्हणायच्या, "एका लेकराला तिसरी अँप्युल फोडायला लागली की हात थांबलाच पाहिजे." औषध द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. एकदा दुसऱ्या माणसाकडून हिशेब करून घ्यायचा, आणि त्याला आपलं उत्तर आधी सांगायचं नाही. आपलं उत्तर ऐकलेला माणूस तेच उत्तर काढतो. तसंच, मुलाचा डोस मोठ्याच्या कमाल डोसाच्या वर निघाला की कमाल डोसावर थांबायचं. आता पन्नास-साठ किलोची दहा वर्षांची मुलंही वॉर्डात येतात, तेव्हा ही अट रोज कामाला येते.

चिठ्ठीवर 'दिवसाला' आणि 'दर वेळी' यांतला फरक लिहिला नाही तर काय होतं, तेही सांगतो. अमॉक्सिसिलिन किलोला दिवसाला ४० मिलिग्रॅम, तीन भागांत. बारा किलोला दिवसाचे ४८०, दर वेळी १६०. घाईत कुणी '४८० दिवसातून तीनदा' लिहून जातं. म्हणून मला चिठ्ठीवर सगळा हिशेबच दिसायला हवा असतो: वजन, किलोमागचा आकडा, एका वेळचे मिलिग्रॅम, बाटलीची ताकद आणि शेवटी मिली. एवढं लिहिलेलं असलं की माझ्यासारखा खिडकीतला माणूसही चूक पकडू शकतो. नुसतं 'अर्धा चमचा तीनदा' लिहिलं असेल तर ब्रह्मदेवालाही ती तपासता येणार नाही.

आई-बापांना एवढंच सांगणं आहे. मुलाचं वजन त्या दिवशी करून घ्या आणि डॉक्टरांकडून ते तारखेसह चिठ्ठीवर लिहून घ्या. औषध बाटलीसोबत आलेल्या मापानेच मोजा, आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर 'पाच मिलीत किती मिलिग्रॅम' हा आकडा चिठ्ठीशी जुळतोय का, ते खिडकीवरच विचारा. तुमच्यामागे रांग कितीही मोठी असली तरी विचारा.